दहा जणांत भागले, कारण तेच दहा जण

कुश्नी आणि पीबल्स या दोन संशोधकांनी झोपेच्या औषधांवरचा एक छोटा प्रयोग १९०५ साली प्रसिद्ध केला. तो अमेरिकेत मिशिगनमधील कॅलामाझूच्या मनोरुग्णालयात झाला होता. प्रत्येक रुग्णाला वेगवेगळ्या रात्री वेगवेगळे औषध द्यायचे आणि औषध नसतानाच्या झोपेपेक्षा किती तास जास्त झोप लागली ते टिपायचे. त्यांतल्या दोन औषधांचे, दहा रुग्णांचे आकडे पुढे संख्याशास्त्रात अजरामर झाले. दुसऱ्या क्रमांकाच्या रुग्णाची झोप पहिल्या औषधाने उलट १.६ तासांनी घटली आणि दुसऱ्या औषधाने ०.८ तासाने वाढली. सातव्या रुग्णाला मात्र दोन्ही औषधे चांगलीच लागू पडली: ३.७ तास आणि ५.५ तास.

हे आकडे १९०८ मध्ये गिनेस या मद्यकंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने हाती घेतले. तो ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहीत असे. त्याने प्रत्येक रुग्णाच्या दोन आकड्यांची वजाबाकी केली. दुसरे औषध सरासरी १.५८ तास सरस ठरले.

आता असे समजा की हे आकडे दहा-दहा माणसांच्या दोन वेगळ्या गटांचे आहेत. फरक तेवढाच, १.५८ तास. पण औषधांत काहीच फरक नसताना एवढी तफावत निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सुमारे ८ टक्के निघते, म्हणजे ठामपणे काही सांगता येत नाही. तेच आकडे जोडीने मांडले की ही शक्यता ०.३ टक्क्यावर येते. आकडे तेच, निकाल वेगळा.

कारण साधे आहे. एखाद्या औषधाने कोण किती झोपतो यात माणसामाणसांत जमीनअस्मानाचा फरक असतो. पण एका औषधाने जो जास्त झोपतो, तो बहुधा दुसऱ्यानेही जास्त झोपतो. या रुग्णांत दोन आकड्यांमधला सहसंबंध सुमारे ०.८ होता. वजाबाकी केली की प्रत्येकाची ही जन्मजात तऱ्हा दोन्हीकडून कापली जाते आणि औषधाचा परिणाम उघडा पडतो.

‘आधी आणि नंतर’ प्रकारच्या अभ्यासात किती माणसे घ्यावीत, हे यावरच ठरते. समजा, जेवणातले मीठ कमी केल्यावर वरचा रक्तदाब ५ अंकांनी उतरतो का, ते पाहायचे आहे. माणसामाणसांतले प्रमाण विचलन १५ आहे आणि परिणाम खरा असेल तर तो पकडला जाण्याची ८० टक्के खात्री हवी. दोन वेगळे गट घेतले तर प्रत्येकी १४२, एकूण २८४ माणसे लागतात. त्याच माणसांना दोनदा मोजले आणि सहसंबंध ०.५ असला तर ७१ पुरतात; ०.८ असला तर २९. या हिशेबात फरकाच्या विचलनाचा वर्ग महत्त्वाचा. दोन्ही वेळचे विचलन सारखेच धरले तर तो असा निघतो: २ × मूळ विचलनाचा वर्ग × (१ − सहसंबंध). सहसंबंध ०.५ च्या खाली गेला की फरकाचे विचलन मूळ विचलनापेक्षाही मोठे होते.

घोळ होतो तो याच ०.८ वर. पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजलेला रक्तदाब सहसा चांगला जुळतो, सहा महिन्यांनी तेवढा जुळत नाही. शिवाय फक्त उच्च रक्तदाबाचे रुग्ण निवडले की आकड्यांचा पल्ला आखूड होतो आणि सहसंबंध आणखी घसरतो. ०.८ च्या भरवशावर २९ जण जमवले आणि प्रत्यक्षात तो ०.५ निघाला, तर निम्मीही माणसे हाताशी नसतात. म्हणून गणित अंदाजाच्या खालच्या टोकाला करावे. मध्येच सोडून जाणाऱ्यांसाठीही वाढीव माणसे धरावीत, कारण दुसरे मोजमाप चुकले की त्या माणसाची जोडीच बाद होते.

आणि कितीही माणसे घेतली तरी एक खोट भरून निघत नाही. रक्तदाब जास्त भरला त्याच दिवशी निवडलेल्या लोकांचा आकडा पुढच्या खेपेला काही न करताही थोडा उतरतो. सहसंबंध जितका कमी, तितकी ही आपोआप होणारी घसरण जास्त. तिच्यावर उपाय एकच: मीठ कमी न केलेला दुसरा गट.

आधीच्या अभ्यासांतून सहसंबंध शोधायला गेले की बहुतेक ठिकाणी फक्त दोन सरासऱ्या आणि त्यांची दोन विचलने छापलेली दिसतात. फरकाचे विचलन मिळाले तर सहसंबंध काढता येतो. कॅलामाझूच्या आकड्यांवर करून पाहा: दोन औषधांच्या विचलनांचे वर्ग ३.२० आणि ४.०१, फरकाचा १.५१. पहिल्या दोहोंच्या बेरजेतून तिसरा वजा केला की ५.७०, त्याला दोन्ही विचलनांच्या गुणाकाराच्या दुपटीने, म्हणजे ७.१६ ने भागले की ०.८. तेव्हा असा अभ्यास छापणाऱ्यांनी फरकाचे विचलन तेवढे एका ओळीत द्यावे.