पौंड खुला झाला, तेव्हा व्याजदरही सुटला

1990 च्या ऑक्टोबरात ब्रिटनने पौंडाचा दर जर्मन मार्कशी बांधला: एका पौंडाला 2.95 मार्क, आणि 2.778 च्या खाली घसरू द्यायचा नाही. भांडवलाच्या ये-जा करण्यावर बंधन नव्हतं. त्यामुळे जर्मनीने एकीकरणानंतरच्या महागाईला आवर घालण्यासाठी व्याज चढं ठेवलं, तेव्हा मंदीत रुतलेल्या ब्रिटनलाही ते फारसं उतरवता येईना. उतरवलं असतं, तर पैसा मार्ककडे धावला असता.

16 सप्टेंबर 1992 ला पौंडाची विक्री अनावर झाली. बँक ऑफ इंग्लंड आपली परकीय गंगाजळी देऊन पौंड विकत घेत राहिली. व्याजदर 10 वरून 12 टक्के केला, मग 15 जाहीर केला. तरी विक्री थांबेना. घरकर्जाने वाकलेला देश इतकं व्याज फार काळ सोसणार नाही, हे विकणाऱ्यांना दिसत होतं. संध्याकाळी ब्रिटनने बंधन सोडलं.

पौंड घसरला, पण जानेवारी 1993 पर्यंत व्याजदर 6 टक्क्यांवर आला. स्वस्त पौंडामुळे निर्यातीलाही उठाव मिळाला. माझ्या मते चूक त्या दिवसाची नव्हतीच. परक्या देशाच्या गरजेने ठरणारं व्याज मंदीतही दोन वर्षं सोसलं, ती खरी चूक.