नाव पुसलं, माणूस उरला

फाइलचं नाव होतं `patients_noname.csv`. डेटा सायन्सच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी माझी एक विद्यार्थिनी ती घेऊन आली होती. ती एका आरोग्य प्रकल्पात इंटर्नशिप करत होती आणि प्रकल्पाला रुग्णांच्या नोंदी बाहेरच्या संशोधकांना द्यायच्या होत्या. “सर, नाव, मोबाइल, आधार क्रमांक, तिन्ही रकाने उडवलेत. आता पाठवायला हरकत नाही ना?” तिनं विचारलं. पिनकोड, जन्मतारीख, लिंग आणि आजार हे रकाने उरले होते.

मी तिला आधी एक हिशेब करायला लावला. एका पिनकोडात तीस हजार माणसं राहतात असं धर. माणसं शून्य ते ऐंशी वर्षांची, म्हणजे जन्मतारखा झाल्या सुमारे २९ हजार. प्रत्येक तारखेला स्त्री आणि पुरुष असे दोन खण केले की ५८ हजार खण होतात. तीस हजार माणसं ५८ हजार खणांत वाटली तर बरीच जण आपापल्या खणात एकटीच बसणार. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, “म्हणजे माझ्या खणात बहुधा मी एकटीच.”

हे अमेरिकेत खरोखर घडून गेलं आहे. नव्वदच्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या विम्याचं काम पाहणाऱ्या संस्थेनं दवाखान्याच्या नोंदी संशोधकांना दिल्या होत्या. नावं आणि पत्ते काढलेले होते, पण पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग तसंच होतं. तेव्हा एमआयटीत शिकणाऱ्या लटान्या स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी वीस डॉलरला विकत घेतली. त्या यादीत नावासोबत हेच तीन रकाने होते. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड केंब्रिजमध्येच राहत. त्यांच्या जन्मतारखेचे शहरात सहा मतदार निघाले, त्यांतले तीन पुरुष, आणि त्या तिघांपैकी वेल्ड यांच्या पिनकोडात राहणारे ते एकटेच. गव्हर्नरांची दवाखान्यातली नोंद अशी हाती लागली. १९९० च्या जनगणनेवरून स्वीनी यांनी अंदाज काढला, की एवढ्या तीन गोष्टींवर अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकमेव ठरतात. पुढे दुसऱ्या एका अभ्यासात हा आकडा ६३ टक्के आला. तो धरला तरी दहांतली सहा माणसं उघडी पडतात.

नाव न सांगता माणूस दाखवून देणाऱ्या अशा रकान्यांना क्वासी-आयडेंटिफायर म्हणतात. त्यांवरचा पहिला नीट मांडलेला उपाय म्हणजे के-ॲनॉनिमिटी. स्वीनी आणि पिएरांजेला समराती यांनी तो मांडला. नियम साधा आहे: या रकान्यांची जी जी जोडणी फाइलमध्ये येते, ती निदान ‘के’ ओळींत सारखी असली पाहिजे. के तीन असेल, तर शोधणाऱ्याच्या हाती तीन ओळी येतात आणि त्यांतली आपल्या माणसाची कोणती, हे त्याला कळत नाही. आपली फाइल कुठे आहे हे पाहायला पायथनमध्ये दोन ओळी पुरतात:

```python
qi = ["pin", "dob", "sex"]
print(df.groupby(qi, dropna=False).size().min())
```

उत्तर आलं १. इथला `dropna=False` विसरायचा नाही. तो नसेल तर ज्यांचा पिनकोड रिकामा आहे त्या ओळी मोजणीतून गुपचूप गळतात, आणि नेमक्या त्याच ओळी वेगळ्या उठून दिसणाऱ्या असू शकतात.

मग आम्ही रकाने जाडेभरडे करत गेलो. पिनकोडचे पहिले तीन आकडे ठेवून उरलेले झाकले. जन्मतारखेऐवजी दहा-दहा वर्षांचे वयोगट केले. साठीपुढच्या मोजक्या रुग्णांचा एकच गट केला. तरीही दोन ओळी एकट्या राहिल्या, त्या फाइलमधून काढूनच टाकल्या. आता उत्तर आलं ३. विद्यार्थिनी खूश झाली. मी तिला एक गट उघडून दाखवला:

| पिनकोड | वयोगट | लिंग | आजार |
|---|---|---|---|
| ४१६* | ३०–३९ | स्त्री | क्षयरोग |
| ४१६* | ३०–३९ | स्त्री | क्षयरोग |
| ४१६* | ३०–३९ | स्त्री | क्षयरोग |

शेजारच्या ताई या दवाखान्यात जातात आणि पस्तिशीच्या आहेत, एवढं ज्याला ठाऊक आहे त्याला त्यांची ओळ कोणती हे शोधायची गरजच नाही. तिन्ही ओळींत एकच आजार आहे. माणूस लपला, गुपित उघडं पडलं. म्हणून २००६ मध्ये एल-डायव्हर्सिटी नावाची पुढची अट आली: प्रत्येक गटात आजारही निदान ‘एल’ प्रकारचे हवेत. त्यानं हे भोक बुजतं, पण दुसरं उरतंच. हीच फाइल उद्या दुसऱ्या संशोधकाला वेगळ्या तऱ्हेनं दिली, वय नेमकं ठेवलं आणि पिनकोड पूर्ण झाकला, तर दोन्ही फाइली आपापल्या जागी के-ॲनॉनिमिटीत उत्तीर्ण होतील. त्या एकमेकींशेजारी ठेवल्या की मात्र दोन्हींत बसणारी एकच ओळ उरू शकते. के हा आकडा एका फाइलबद्दल बोलतो. समोरच्याला आधीच काय ठाऊक आहे आणि पुढे काय मिळणार आहे, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

“मग ओळी द्यायच्याच नाहीत. नुसती बेरीज देऊ,” ती म्हणाली. दिशा बरोबर होती, पण बेरीजही बोलते. गावात क्षयरोगाचे रुग्ण गेल्या आठवड्यात ३७ होते आणि या आठवड्यात ३८ झाले. मधल्या काळात दवाखान्यात नवीन नाव एकाचंच लागलं, हे गावाला माहीत आहे. वजाबाकी करायला संगणकही लागत नाही.

डिफरन्शियल प्रायव्हसी इथून सुरू होते. सिंथिया ड्वर्क, फ्रँक मॅकशेरी, कोबी निसिम आणि ॲडम स्मिथ यांनी २००६ मध्ये ती मांडली. ती फाइलला अट घालत नाही, उत्तर देण्याच्या पद्धतीला घालते: तुमची नोंद फाइलमध्ये असली काय आणि नसली काय, बाहेर जाणारं उत्तर जवळजवळ सारख्याच शक्यतेनं आलं पाहिजे. ‘जवळजवळ’ म्हणजे किती, हे एप्सिलॉन या आकड्यानं ठरवायचं. एप्सिलॉन जितका लहान, तितका आडोसा जास्त.

खऱ्या मोजणीत चिठ्ठी काढल्यासारखा एक यादृच्छिक आकडा मिळवला की ही अट पाळता येते. त्याला नॉइज म्हणतात. लाप्लास नावाच्या वाटपातून तो घेतात आणि त्याचा पसारा असा ठरतो: एका माणसामुळे उत्तर जास्तीत जास्त कितीनं बदलेल, भागिले एप्सिलॉन. रुग्ण मोजताना एका माणसानं फरक पडतो १ चा. एप्सिलॉन ०.५ धरला तर पसारा २ येतो. मग ३८ च्या जागी कधी ३९.६ जाईल, कधी ३५.९. शंभरांतल्या ९५ वेळा चूक सहाच्या आत राहील. नव्या रुग्णाला क्षयरोग असण्याची शक्यता एखाद्याला आधी १० टक्के वाटत असेल, तर आपलं हे उत्तर पाहून ती फार तर १५-१६ टक्क्यांपर्यंत जाईल. त्याला आणखी काहीही ठाऊक असलं तरी आपल्या उत्तरामुळे पडणारी भर या प्रमाणाबाहेर जात नाही. के-ॲनॉनिमिटी हे वचन देऊ शकत नाही.

या वचनाची किंमत उत्तरागणिक मोजावी लागते. तोच प्रश्न शंभर वेळा विचारू दिला आणि दर वेळी नवा नॉइज घातला, तर शंभर उत्तरांची सरासरी ३८ च्या अगदी जवळ येऊन बसते. दर उत्तराला ०.५ खर्च झाला, शंभर उत्तरांना ५०, आणि ५० एप्सिलॉनचा आडोसा नसल्यातच जमा. म्हणून एकूण बजेट आधी ठरवायचं, प्रत्येक उत्तराचा खर्च वहीत मांडायचा आणि बजेट संपलं की नवीन उत्तर द्यायचं नाही. दोन फाइली शेजारी ठेवल्यावर काय होईल, हे के-ॲनॉनिमिटीत कळत नव्हतं. इथे ती साधी बेरीज होते.

चुका बहुतेक या हिशेबातच होतात. विद्यार्थिनीच्या तक्त्यात रुग्णांऐवजी भेटी मोजल्या होत्या. क्षयरोगाचा एकच रुग्ण वर्षात वीसदा येऊ शकतो, म्हणजे एका माणसानं उत्तर वीसनं बदलतं आणि १ धरून घातलेला नॉइज तोकडा पडतो. एक तर माणसं मोजायची, नाहीतर प्रत्येकाच्या फार तर चार भेटी धरायच्या आणि नॉइजचा पसारा चौपट करायचा. दुसरी चूक सवयीची होती: तिच्या नोटबुकच्या माथ्यावर `np.random.seed(42)` होतं. वर्गात आम्हीच शिकवतो, की निकाल पुन्हा तसाच यावा म्हणून सीड बांधा. इथे सीड ज्याच्या हाती लागला तो तोच नॉइज पुन्हा काढून वजा करू शकतो. शिवाय संगणक दशांश ज्या तऱ्हेनं साठवतो त्यातूनही खरा आकडा झिरपू शकतो. म्हणून प्रत्यक्ष कामात नॉइज घरी न बनवता ओपनडीपीसारखी तपासलेली लायब्ररी घ्यावी.

नॉइजचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. तालुक्यात ३,७०० रुग्ण असतील तर सहाची चूक कुणाला जाणवणार नाही. वाडीत तीन असतील तर उत्तर उणे दोनही येईल आणि त्यावर औषधं पाठवता येणार नाहीत. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत याच पद्धतीनं आकडे जाहीर झाले. राज्यांची एकूण लोकसंख्या अचूक ठेवली होती, पण त्याखालच्या आकड्यांत नॉइज होता, आणि लहान वस्त्यांचे आकडे वापरणाऱ्यांकडून तक्रारी आल्या. मतदारसंघ आखण्याच्या तक्त्यांसाठी तिथे एकूण एप्सिलॉन १९.६१ ठेवला होता. पाठ्यपुस्तकातल्या ०.५ किंवा १ पेक्षा हा कितीतरी मोठा. गणित एप्सिलॉनचा अर्थ सांगतं. तो किती ठेवायचा, हे आकडे वापरणाऱ्यांनी आणि ज्यांच्या नोंदी आहेत त्यांच्या वतीनं बोलणाऱ्यांनी समोरासमोर बसून ठरवायचं असतं.

आणखी एक मर्यादा तिला सांगितली. एखाद्या कारखान्यातल्या कामगारांना दमा जास्त होतो असं आपल्या आकड्यांतून दिसलं, तर तिथल्या प्रत्येक कामगाराबद्दल लोक अंदाज बांधतील, फाइलमध्ये नसलेल्याबद्दलसुद्धा. ते डिफरन्शियल प्रायव्हसी थांबवत नाही. एका माणसानं नोंद दिली म्हणून त्याचं वेगळं नुकसान होऊ नये, एवढंच ती पाहते.

शेवटी `patients_noname.csv` कुठेच गेली नाही. ती प्रकल्पाच्या संगणकावरच राहिली, आणि के तीन केलेली प्रतही तिच्याशेजारी. संशोधकांना हवं होतं ते तालुकानिहाय रुग्णांची संख्या, म्हणून एका तक्त्यात माणसं मोजली, लहान वाड्या शेजारच्या गावांत मिळवल्या, सीडची ओळ खोडली, आणि खाली एका ओळीत लिहिलं: एप्सिलॉन ०.५, एकदाच. पाठवण्याआधी तिनं तो तक्ता पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. तिच्या आजीची नोंद त्याच दवाखान्यात होती, हे तिनं मला तेव्हा सांगितलं.