साकव, पाखाडी की शाळेचं छप्पर?

कोकणातल्या एका ग्रामपंचायतीची कल्पना करू. सात वाड्यांचं गाव, लोकसंख्या चौदाशेच्या आसपास. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेच्या कामांसाठी बंधित ठेवलेला होता. उरलेल्या चाळीस टक्के अबंधित रकमेतून या गावाला सात लाखांचं एकच काम करता येणार आहे आणि ग्रामसभेपुढे प्रस्ताव आहेत तीन. पहिला, ओढ्यापलीकडच्या वाडीसाठी साकव. दुसरा, देवळापासून बाजारापर्यंतची पाखाडी. तिसरा, शाळेच्या गळक्या छपराची दुरुस्ती. तिन्हींचा खर्च जवळपास सारखाच आहे.

अशा वेळी कुणीतरी सुचवतं, ‘आपण गुण देऊन ठरवू.’ पद्धत सोपी आहे. निकष ठरवायचे, प्रत्येक निकषाला त्याच्या महत्त्वाप्रमाणे वेटेज द्यायचं आणि सगळ्या वेटेजची बेरीज शंभर ठेवायची. मग प्रत्येक प्रस्तावाला प्रत्येक निकषावर शून्य ते शंभर गुण द्यायचे, गुणांना वेटेजने गुणायचं आणि बेरीज करायची. ज्याची बेरीज जास्त तो प्रस्ताव पहिला. कंपन्यांच्या सीएसआर समित्या असंच करतात. सल्लागार नेमण्याच्या सरकारी निविदांमध्येही तांत्रिक प्रस्तावाला आणि किमतीला असंच वेगवेगळं वेटेज असतं. गणित चौथीच्या मुलाला जमेल. खरी परीक्षा पुढे असते, जेव्हा हरलेल्या वाडीतला माणूस उभा राहून विचारतो, ‘हेच निकष का? आणि याला पन्नास, त्याला वीस, हे कुणी ठरवलं?’ या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही तर त्या बेरजेला काही अर्थ उरत नाही.

गुण देण्याआधी एक चाळणी लावावी लागते. साकव किंवा पाखाडी खासगी जमिनीतून जात असेल आणि जमीनमालकाचं संमतीपत्र नसेल, तर ते काम होणारच नाही. पण पुष्कळ तक्त्यांमध्ये ‘जागेची उपलब्धता’ हा दहा गुणांचा निकष म्हणून बसवलेला दिसतो. मग जागाच नसलेला प्रस्ताव तेवढे दहा गुण गमावतो, बाकीच्या निकषांवर भरून काढतो आणि पहिला येतो. बेरजेच्या पद्धतीचा हा स्वभावच आहे की एकीकडची उणीव दुसरीकडे भरून निघते. जी उणीव कशानेच भरून निघू नये, तिला गुणांच्या तक्त्यात जागाच देऊ नये. तिथे फक्त हो किंवा नाही. आपल्या तिन्ही प्रस्तावांची संमतीपत्रं आणि अंदाजपत्रकं जागेवर आहेत, असं धरू.

आता निकष. समितीने आधी पाच सुचवले होते: लाभार्थी माणसं, लाभार्थी कुटुंबं, मागणी अर्जावरच्या सह्या, वर्षातले खोळंब्याचे दिवस आणि दरवर्षीचा देखभाल खर्च. पहिले तीन नीट पाहा. मोठ्या वाडीत माणसं जास्त, म्हणून कुटुंबं जास्त, म्हणून सह्याही जास्त. एकच गोष्ट तीन नावांनी मोजली जाते आणि मोठ्या वाडीला न सांगता तिप्पट वजन मिळतं. म्हणून तिघांपैकी फक्त माणसं ठेवली.

उरलेल्या तीन निकषांवरची माहिती अशी. साकवाचा उपयोग २१० माणसांना, ओढा भरला की वर्षातले ६० दिवस त्यांचा खोळंबा, देखभाल वर्षाला ६,००० रुपये. पाखाडीचा उपयोग ४५० माणसांना, पावसात निसरडी होऊन चालणं अशक्य होतं असे २० दिवस, देखभाल २,००० रुपये. शाळेच्या छपराखाली ७० मुलं, वर्ग भरवता येत नाहीत किंवा नीट चालत नाहीत असे ८० दिवस, देखभाल १०,००० रुपये. प्रत्येक निकषावर सर्वांत चांगल्या प्रस्तावाला १०० आणि सर्वांत वाईटाला शून्य दिलं, की साकवाचे गुण मधे पडतात: माणसांवर ३७, दिवसांवर ६७, देखभालीवर ५०.

वेटेज ठरवताना समितीने विचारलं, ‘सर्वांत महत्त्वाचं काय?’ एकमताने उत्तर आलं, माणसं. म्हणून माणसांना ५०, दिवसांना ३०, देखभालीला २०. बेरीज झाली पाखाडी ७०, साकव ४९, शाळा ३०. निकाल स्पष्ट दिसतो. पण विचारलेला प्रश्नच चुकीचा होता, आणि ही चूक मोठमोठ्या संस्थांच्या तक्त्यांतही सापडते.

‘देखभाल खर्च किती महत्त्वाचा?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. तो दोन हजारांवरून दहा हजारांवर जातो की दोन लाखांवर, यावर सगळं अवलंबून आहे. इथे फरक फक्त आठ हजारांचा आहे, तरीही त्याला शंभरातले वीस दिले गेले. वेटेज हे निकषाच्या नावाला मिळत नाही. त्या निकषावर सर्वांत वाईट ते सर्वांत चांगलं हे जे अंतर आहे, ते पार करण्याला ते मिळतं. म्हणून प्रश्न असा विचारावा: असा एक प्रस्ताव डोळ्यांपुढे आणा, ज्यात फक्त ७० माणसांचा लाभ आहे, फक्त २० दिवसांचा खोळंबा टळतो आणि देखभाल दहा हजार आहे. यातली एकच गोष्ट सुधारायची मुभा असेल, तर कोणती सुधाराल? वीस दिवसांचे ऐंशी दिवस, सत्तर माणसांची साडेचारशे, की दहा हजारांचे दोन हजार? पहिल्या पसंतीला शंभर मानायचं आणि बाकीच्या सुधारणा तिच्या मानाने किती मोलाच्या ते सांगायचं. निर्णयशास्त्रात याला स्विंग वेटिंग म्हणतात.

समजा समितीने दिवसांना १००, माणसांना ८० आणि देखभालीला २० सांगितले. त्यांची बेरीज २००, म्हणून वेटेज झालं ५०, ४० आणि १०. आता साकव ५३, पाखाडी ५०, शाळा ५०. निकाल फिरला.

यापुढचं पाऊल सहसा टाळलं जातं, पण खरं तर वेटेज ढकलून पाहायलाच हवं. माणसं आणि दिवस दोघांना ४५ दिले तर पाखाडी ५५ वर जाते आणि साकव ५२ वर राहतो. माणसांना ३० आणि दिवसांना ६० दिले तर शाळा ६० वर आणि साकव ५६ वर. म्हणजे तिन्ही प्रस्तावांच्या समर्थकांना आपापल्या सोयीचं वेटेज सापडतं, आणि त्यातलं एकही वेटेज वेडगळ वाटत नाही. पाच-दहा गुणांच्या सरकासरकीने विजेता बदलत असेल, तर ‘साकवाला तीन गुण जास्त मिळाले’ हा बचाव होऊ शकत नाही. भांडण वेटेजचं दिसतं, पण अशा वेळी मला आधी निकषांवर संशय येतो.

बेरजेची पद्धत एक गोष्ट गृहीत धरते: एका निकषावरच्या सुधारणेची किंमत दुसऱ्या निकषावर अवलंबून नसते. इथे ते खरं आहे का? एका दिवसाचा खोळंबा टळण्याची किंमत ७० माणसांसाठी आणि ४५० माणसांसाठी सारखी असू शकत नाही. माणसं आणि दिवस या दोन गोष्टी बेरजेच्या नाहीत, गुणाकाराच्या आहेत. दोघांचा मिळून एकच निकष हवा: टळलेले माणूस-दिवस.

हिशोब करू. साकव: २१० गुणिले ६०, म्हणजे १२,६००. पाखाडी: ४५० गुणिले २०, म्हणजे ९,०००. शाळा: ७० गुणिले ८०, म्हणजे ५,६००. आता दोनच निकष उरले, माणूस-दिवस आणि देखभाल, आणि वाद एकदम साध्या भाषेत आला. पाखाडीच्या तुलनेत साकवाला वर्षाला ४,००० रुपये जास्त देखभाल लागते आणि त्या बदल्यात ३,६०० माणूस-दिवस जास्त वाचतात. एका माणसाचा एक दिवसाचा खोळंबा टळायला सव्वा रुपयाही पडत नाही. वेटेजच्या भाषेत सांगायचं, तर देखभालीला निम्म्याहून जास्त वजन दिल्याशिवाय पाखाडी साकवाच्या पुढे जात नाही. हा निकाल पाच-दहा गुणांनी हलत नाही.

शाळेच्या बाजूने बोलणाऱ्यालाही आता नेमका मुद्दा मिळतो. मुलाचा बुडालेला शाळेचा दिवस आणि मोठ्या माणसाचा ओढ्याकाठी अडकलेला दिवस समान का धरायचे, असा प्रश्न तो विचारू शकतो आणि तो रास्तच आहे. १२,६०० ला ५,६०० ने भागलं की सव्वादोन येतात. मुलाच्या एका दिवसाचं मोल मोठ्या माणसाच्या सव्वादोन दिवसांहून जास्त आहे, असं ग्रामसभेने ठरवलं, तर माणूस-दिवसांच्या हिशोबात शाळा साकवाच्या पुढे जाते. देखभालीचा फरक धरला तर आकडा थोडा वर सरकेल. हा निर्णय गणित देऊ शकत नाही, तो गावाने मोकळेपणाने बोलून घ्यायचा. पण ‘तुम्ही शाळेला कमी वेटेज दिलंत’ या तक्रारीपेक्षा ‘सव्वादोन पट मानायचं की नाही’ या प्रश्नावर गाव खरोखर बोलू शकतं.

१९७९ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबिन डॉज यांनी दाखवलं होतं, की अंदाज बांधण्याच्या कामात निकष योग्य असतील तर सगळ्यांना समान वेटेज देऊनही निष्कर्ष सर्वोत्तम वेटेजच्या जवळपास येतात, आणि तज्ज्ञांच्या नुसत्या अंदाजापेक्षा सरस ठरतात. प्रस्ताव निवडणं म्हणजे अंदाज बांधणं नव्हे, तरी माझाही कल तिकडेच आहे. समितीचा वेळ वेटेजच्या घासाघाशीपेक्षा निकष घडवण्यात जावा.

आणि तक्ता केल्यावर तो बाजूला ठेवायचा असेल तर? तेही घडतं. १९८६ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने अणुकचरा जमिनीत खोल पुरण्यासाठी पाच जागांचं असंच बहुनिकष विश्लेषण करून घेतलं. त्यात हॅनफर्ड ही जागा शेवटची आली. तरीही पुढच्या तपासासाठी निवडलेल्या तीन जागांमध्ये हॅनफर्ड होती. वेगवेगळ्या प्रकारच्या खडकांतल्या जागा हव्यात, हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. कारण चुकीचं नव्हतं. पण विश्लेषणात एकेका जागेचे गुण मोजले होते, तिन्ही जागा मिळून संच कसा होतो हे मोजलं नव्हतं. जो विचार निवड ठरवणार होता तो हिशोबाच्या बाहेर राहिला, आणि खात्यावर प्रखर टीका झाली.

आपल्या गावात अशी बाहेर राहिलेली गोष्ट म्हणजे त्या साठ दिवसांची खात्री. हा आकडा वाडीनेच दिला आहे. २१० माणसांच्या हिशोबाने साकव आणि पाखाडीचे माणूस-दिवस ४३ दिवसांवर समान होतात. त्याहून कमी दिवस ओढा अडवत असेल तर पाखाडीच पुढे जाते, कारण तिची देखभालही कमी आहे. म्हणून वेटेजवर आणखी एक बैठक घेण्याऐवजी त्या वाडीतल्या मुलांची गेल्या दोन पावसाळ्यांतली हजेरी शाळेच्या हजेरीपटावरून काढावी. पलीकडची सगळी मुलं एकाच दिवशी गैरहजर असलेले दिवस मोजावेत आणि तो आकडा ग्रामसभेच्या इतिवृत्तात हिशोबाशेजारी लिहावा.