नकाशाचे रंग बदलताना

बंगळुरूच्या ‘नम्म मेट्रो’चा नकाशा एखाद्या अहवालात घालावयाचा आहे, असे समजा. अहवालाची रंगसंगती निळ्या व राखाडी छटांची आहे. नकाशाची पार्श्वभूमी मात्र फिकट पिवळी आहे. मूळ फाइल हाती नाही. आहे ते केवळ चित्र. अशा सपाट चित्रात मार्ग, अक्षरे, तलाव हे वेगवेगळे घटक उरलेले नसतात. असतात ते फक्त रंगीत चित्रबिंदू.

काय बदलू नये, हे आधी ठरवावे लागते. 2011 साली सुरू झालेली जांभळी मार्गिका, तिला मॅजेस्टिक येथे छेदणारी हिरवी आणि 2025 साली आर. व्ही. रोडपासून बोम्मसंद्रापर्यंत सुरू झालेली पिवळी, या तिन्ही मार्गिकांची नावेच रंगांवरून पडली आहेत. त्यांना निळ्या छटा दिल्यास नकाशा अहवालात शोभेल, पण स्थानकावरील फलकाशी जुळणार नाही. म्हणून बदलावयाची ती फक्त पार्श्वभूमी.

सहज सुचणारा उपाय म्हणजे पार्श्वभूमीत नवा रंग ओतणे. तसे केल्यावर प्रत्येक अक्षराभोवती पिवळसर किनार दिसू लागते. अक्षराची कड गुळगुळीत दिसावी म्हणून तेथील बिंदू काळा व पिवळा यांच्या मिश्रणाचे असतात. पार्श्वभूमी 255, 242, 204 असेल, तर कडेवरचा अर्धा-अर्धा बिंदू सुमारे 128, 121, 102 असतो. ओतलेला रंग त्याला ओळखत नाही. रंग ओळखण्याची मर्यादा वाढवली, तर बारीक अक्षरेच झिजतात.

‘गिंप’ या मोफत प्रणालीत याला चांगला उपाय आहे. प्रथम `Image > Mode > RGB` निवडावे. नंतर `Colors > Color to Alpha` उघडून पार्श्वभूमीचा रंग टिपावा. ही आज्ञा प्रत्येक बिंदूतून तो रंग जितका असेल तितका काढून घेते व तेथे पारदर्शकता ठेवते. कडेवरचा बिंदू अर्धपारदर्शक काळा होतो. आता खाली नवा थर घेऊन त्यात फिकट राखाडी रंग भरला, की तो कडांत आपोआप मिसळतो. गडद जांभळा व हिरवा रंग जवळजवळ अबाधित राहतात. स्थानकांची पांढरी वर्तुळेही टिकतात. फिकट निळे तलाव मात्र थोडे पारदर्शक होऊन छटा बदलतात. सूचीतील चौकोन त्याच चित्रात असल्यास तोही तसाच बदलतो, म्हणून अर्थ बिघडत नाही. सूची वेगळी लिहिलेली असेल, तर ती दुरुस्त करावी लागते.

चित्र जेपीईजी असेल, तर काम अवघड होते. एकरंगी वाटणाऱ्या पार्श्वभूमीत दोन-तीन ठिकाणी रंग टिपून पाहावा; आकडे वेगळे आले, तर रंग काढल्यावर अक्षरांभोवती धूसर ठिपके उरणार. तेव्हा `Transparency threshold` थोडा वाढवावा, किंवा शक्य तर पीएनजी प्रत मिळवावी. शेवटी चित्र आठपट मोठे करून अक्षरांच्या कडा तपासाव्यात, आणि राखाडीवर पिवळी मार्गिका फिकी पडत नाही ना, हे छापील प्रतीवर पाहावे.