फ्लॅट प्रत वेगळी, मूळ पीएसडी वेगळी

वाड्याच्या फोटोतली विजेची तार क्लोन स्टॅम्पने वेगळ्या लेयरवर पुसली, तर खालच्या फोटोत ती शाबूत राहते. वरच्या लेयरचा डोळा बंद केला की पुन्हा दिसते. फोटोशॉपमध्ये Flatten Image केले की दोन्ही लेयर एकजीव होतात. लपवलेले लेयर टाकून दिले जातात, मजकुराचे पिक्सेल होतात, पारदर्शक जागा पांढरी होते. फाइल सेव्ह करून बंद केल्यावर Undo उरत नाही. मग तारेबरोबर कौलाची कडही पुसली गेल्याचे प्रूफवर लक्षात आले, तरी ती त्या फाइलमधून परत आणता येत नाही. लेयरमुळे फाइल जड होते, हे खरे. पण त्यासाठी छापखान्याला वेगळी फ्लॅट प्रत काढून द्यावी, मूळ पीएसडी सपाट करू नये.