थर्माकोलच्या पेल्यातले ५६ किलोज्यूल

हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांची विरल द्रावणे एकत्र केली, तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. दोन्ही पाण्यासारखी नितळ असतात आणि मिसळल्यावर तयार होणारे मिठाचे पाणीही तसेच नितळ. रंग बदलत नाही, बुडबुडे येत नाहीत, साका बसत नाही. तापमापीचा पारा मात्र मिनिटभरात सहा अंशांहून अधिक चढतो. या एवढ्याच खुणेवरून अभिक्रियेतून किती उष्णता बाहेर पडली, हे ज्यूलमध्ये सांगता येते. त्यासाठी लागणारे उपकरण म्हणजे चहा-कॉफीचे दोन थर्माकोलचे पेले.

एक पेला दुसऱ्यात बसवायचा. दोन थरांमध्ये थोडी हवा अडकते आणि उष्णता बाहेर जायचा वेग आणखी मंदावतो. हलका पेला कलंडू नये म्हणून ही जोडी काचेच्या बीकरमध्ये उभी करायची. वर पुठ्ठ्याचे किंवा थर्माकोलचेच झाकण आणि त्याला दोन भोके, एक तापमापीसाठी, दुसरे ढवळणीसाठी. झाला कॅलरीमापी. महाराष्ट्रात २०१८ पासून एकदाच वापरून फेकायच्या थर्माकोलच्या पेल्यांवर बंदी आहे. पण या कामाला थर्माकोलच हवा असे नाही. दुहेरी भिंतीचा, झाकणाचा कोणताही उष्णतारोधक पेला चालतो, मात्र तो आम्लाला आणि आम्लारीला दाद न देणारा हवा. स्टीलचा पेला आम्लासाठी योग्य नाही, शिवाय तो स्वतःच बरीच उष्णता शोषून घेतो.

प्रयोगाचा गाभा समजायला एक गोष्ट आधी स्पष्ट हवी. तापमापी अभिक्रियेचे तापमान मोजत नाही, ती पाण्याचे तापमान मोजते. आम्लातले हायड्रोजन आयन आणि आम्लारीतले हायड्रॉक्साइड आयन जोडीने एकत्र येऊन पाण्याचे रेणू बनवतात, त्या वेळी ऊर्जा मोकळी होते. ही ऊर्जा भोवतालचे पाणी घेते आणि तापते. म्हणजे आपण पाण्याने काय मिळवले ते मोजतो आणि त्यावरून अभिक्रियेने काय दिले ते काढतो. हिशेबातले अधिक-उणे चिन्ह इथूनच येते, आणि विद्यार्थ्यांचे गुण बहुतेकदा इथेच जातात.

आता एक प्रयोग आकड्यांसह पाहू. पेल्यात एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिलिलिटर घेतले आहे. शेजारच्या मोजपात्रात एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइडही तेवढेच आहे. दोन्हींचे तापमान २६.२ अंश सेल्सिअस. एक मोलर म्हणजे लिटरभर द्रावणात एक मोल पदार्थ, तेव्हा ५० मिलिलिटरमध्ये प्रत्येकी ०.०५ मोल येतो. पहिली काही मिनिटे नुसते तापमान पाहायचे. ते स्थिर आहे याची खात्री झाली की चौथ्या मिनिटाला सोडियम हायड्रॉक्साइड एका दमात पेल्यात ओतायचे, झाकण लावायचे आणि ढवळत राहायचे. पाचव्या मिनिटाला तापमान ३२.५ अंश दिसते, सहाव्याला ३२.४, सातव्याला ३२.३, आठव्याला ३२.२.

सर्वांत मोठा आकडा ३२.५, म्हणून वाढ ६.३ अंश, असे लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. पण आकडे स्वतःच सांगत आहेत की पेला दर मिनिटाला ०.१ अंश गमावतो आहे. मग ओतल्यापासून पाचव्या मिनिटापर्यंतही तो थोडी उष्णता गमावतच होता, फक्त त्या वेळी चढणाऱ्या तापमानाआड ते लपले. म्हणून आलेखावर उतरते बिंदू जोडणारी सरळ रेषा काढायची आणि ती मागे, मिसळण्याच्या क्षणापर्यंत, वाढवायची. चौथ्या मिनिटाला ती ३२.६ वर पोहोचते. उष्णता मुळीच निसटली नसती तर द्रावण एवढे तापले असते. खरी वाढ ६.४ अंश.

सूत्र शाळेतलेच आहे: उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्मा × तापमानातील बदल. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला ४.१८ ज्यूल लागतात. १०० मिलिलिटर विरल द्रावणाचे वस्तुमान १०० ग्रॅम धरले, तर १०० × ४.१८ × ६.४, म्हणजे २६७५ ज्यूल. वस्तुमान दोन्ही द्रावणांचे मिळून घ्यायचे, कारण तापले ते सगळे पाणी. पन्नासच ग्रॅम धरण्याची चूक फार सर्रास होते, आणि तिने उत्तर थेट निम्म्यावर येते.

थोडी उष्णता पेल्याच्या आतल्या भिंतीने, तापमापीने आणि ढवळणीनेही घेतली. ती किती, हे वेगळ्या छोट्या प्रयोगाने कळते. त्याच पेल्यात २६.२ अंशांचे ५० ग्रॅम पाणी घेऊन त्यात ४६.२ अंशांचे ५० ग्रॅम पाणी ओतायचे. पेल्याने काहीच घेतले नसते तर मिश्रण बरोबर मधोमध, ३६.२ अंशांवर, आले असते. ते ३५.८ वर आले. गरम पाणी १०.४ अंशांनी निवले, गार पाणी ९.६ अंशांनीच तापले, आणि मधला फरक पेल्याच्या खाती गेला. गणित केले की पेला दर अंशाला सुमारे १७ ज्यूल घेतो असे निघते. आपल्या प्रयोगात पेल्याचा वाटा १७ × ६.४, म्हणजे १०९ ज्यूल. एकूण उष्णता २७८४ ज्यूल.

ही उष्णता ०.०५ मोल अभिक्रियेची आहे. एका मोलला भाग दिला की ५५.७ किलोज्यूल येतात. पाण्याने आणि पेल्याने एवढी उष्णता मिळवली, म्हणून तिथे चिन्ह अधिक. अभिक्रियेने तेवढीच गमावली, म्हणून तिच्या बाजूला उणे: प्रति मोल उणे ५५.७ किलोज्यूल. उणे चिन्ह आले की अभिक्रिया उष्मादायी. पेला हवाबंद नसतो, आतला दाब बाहेरच्या हवेइतकाच राहतो, म्हणून हाच आकडा अभिक्रियेची एन्थॅल्पी म्हणूनही लिहिता येतो.

प्रबळ आम्ल आणि प्रबळ आम्लारी यांच्या उदासिनीकरणाचे मान्य मूल्य २५ अंशांना सुमारे उणे ५६ किलोज्यूल आहे. आपले उत्तर त्याच्या अगदी जवळ आले, तरी दशांशापुढच्या ७ वर फार भिस्त ठेवू नये. तापमापी वाचताना ०.१ अंशाची चूक झाली तर उत्तर जवळजवळ ०.९ किलोज्यूलने हलते. शिवाय मिठाच्या पाण्याची विशिष्ट उष्मा शुद्ध पाण्यापेक्षा थोडी कमी आणि घनता थोडी जास्त असते. या दोन गोष्टी एकमेकींना बरेचसे खोडतात, पण एक-दोन टक्क्यांचा फरक उरतोच. रेषा मागे न वाढवता आणि पेल्याचा वाटा न धरता हिशेब केला असता तर ५२.७ आले असते. म्हणजे या दोन दुरुस्त्यांनीच तीन किलोज्यूल परत मिळवले.

उत्तर अपेक्षेपेक्षा बरेच मोठे आले तर? उष्णता निसटण्याने आकडा नेहमी लहान होतो, तेव्हा मोठ्या आकड्याचे कारण दुसरीकडे शोधायला हवे. ते बहुधा सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीत सापडते. त्याच्या गोळ्या पाण्यात विरघळतानाच भरपूर उष्णता देतात. ताजे केलेले द्रावण निवायच्या आत वापरले आणि ते ३०.२ अंशांवर असले, तर सुरुवातीचे तापमान २६.२ नसून दोन्हींची सरासरी, २८.२, असते. हे न पाहता २६.२ च धरले की वाढ ८.४ अंश दिसते आणि उत्तर ७३ किलोज्यूलवर जाते. ही वाढीव उष्णता उदासिनीकरणाची नाही, गोळ्या विरघळण्याची आहे. म्हणून मिसळण्यापूर्वी दोन्ही द्रावणांची तापमाने वेगवेगळी मोजणे हा प्रयोगाचा आवश्यक भाग आहे. तापमापी एकातून दुसऱ्यात नेताना धुऊन पुसायची हेही त्यातच आले.

उलट दिशेचे उदाहरण शेतकऱ्यांच्या हाताशी असते. फवारणीसाठी बादलीत युरिया कालवला की बादली गार लागते. पेल्यात १०० ग्रॅम पाणी आणि ६ ग्रॅम, म्हणजे ०.१ मोल, युरिया घेतला तर तापमान २६.२ वरून सुमारे २२.९ वर उतरते. ३.३ अंशांची ही घट १०६ ग्रॅम द्रावणाची आहे, म्हणून १४६२ ज्यूल. पेल्याचेही ५६ ज्यूल गेले. मिळून १५१८ ज्यूल, प्रति मोल सुमारे १५ किलोज्यूल. इथे पाण्याने उष्णता गमावली, ती युरियाच्या विरघळण्याने घेतली, तेव्हा चिन्ह अधिक आणि क्रिया उष्माग्राही. इथे रेषा मागे वाढवली की ती खाली जाते, कारण गार पेल्यात बाहेरची उष्णता शिरत असते.

वरवरच्या खुणांवरून निकाल देऊ नये याचे चांगले उदाहरण स्वयंपाकघरात आहे. व्हिनेगरमध्ये खायचा सोडा टाकला की जोरात फसफसते, आणि एवढी धडपड चालू आहे म्हणजे उष्णता सुटत असणार असे वाटते. तापमापी बुडवली तर तापमान उतरताना दिसते. वायू बाहेर पडताना थेंबही उडतात आणि वस्तुमान बदलत राहते, म्हणून नेमक्या मापनाला ही अभिक्रिया पेल्यात सोयीची नाही. दिशा ठरवायला मात्र पुरते.

हायड्रोक्लोरिक आम्लाऐवजी नायट्रिक आम्ल घ्या, सोडियम हायड्रॉक्साइडऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड घ्या, पेला तेच सांगतो: ६.४ अंशांच्या आसपास वाढ, ५६ च्या आसपास किलोज्यूल. द्रावणे दुप्पट घेतली तर उष्णता दुप्पट होते, पण तापवायचे पाणीही दुप्पट असल्याने तापमानवाढ जवळपास तेवढीच राहते. आम्ले वेगळी असली तरी घडणारी गोष्ट एकच आहे, हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन यांचे पाणी होणे. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, नायट्रेट हे आयन बाजूला तसेच राहतात. जिनिव्हात जन्मलेले आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये काम केलेले जर्मेन हेस १८४० च्या सुमारास अशाच मोजण्या करत होते. सल्फ्युरिक आम्ल आधी कमी-अधिक पाण्याने विरल करून मग अमोनियाने उदासीन केले, तर एकूण उष्णता तेवढीच भरते, हे त्यांनी दाखवले.

तोच अमोनिया आपल्या पेल्यात सोडियम हायड्रॉक्साइडच्या जागी घेतला, तेवढाच आणि तेवढ्याच तापमानाचा, तर तापमान ३२.६ ऐवजी ३२.२ पर्यंतच जाते. हिशेब केला की प्रति मोल उणे ५२ किलोज्यूल येतात. अभिक्रिया उष्मादायीच आहे, पण चार किलोज्यूल कमी पडले. अमोनियाच्या द्रावणात हायड्रॉक्साइड आयन तयार स्थितीत फारच थोडे असतात. बहुतेक अमोनिया रेणूरूपात असतो आणि हायड्रोजन आयन थेट त्याच रेणूला जाऊन चिकटतो. त्या जोडणीतून पाणी बनण्याइतकी ऊर्जा मोकळी होत नाही. ०.१ अंश वाचणाऱ्या साध्या तापमापीवर हा फरक चार घरांचा दिसतो.