आणंदची दूधसंस्था आणि मालकीचा तक्ता

गुजरातेतील आणंद येथील एका शाळेत नववीच्या एका विद्यार्थिनीने आपल्या गावच्या 'अमूल'विषयी स्थापना, उत्पादने आणि मालकी असे तीन तक्ते मांडले होते. संपादकांच्या आज्ञेवरून ते पाहण्यास गेलेल्या माझे लक्ष पहिल्या दोहोंवरून लवकरच निघाले आणि तिसऱ्यावर जे खिळले ते तेथेच राहिले.

स्थापनेचा तक्ता नेटका होता. खेडा जिल्ह्यातील दूध मुंबईस पाठविण्याचा मक्ता मुंबई सरकारने पोल्सन डेअरीस दिला होता आणि दुधाचा भाव ठरविण्यात गवळ्याचा काही अधिकार चालत नव्हता. तक्रार घेऊन आलेल्या शेतकऱ्यांना सरदार पटेलांनी स्वतःची सहकारी संस्था काढण्याचा सल्ला दिला. जानेवारी १९४६ मध्ये मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत समरखा येथे सभा भरली, पंधरा दिवस दूध रोखले गेले, सरकार नमले, आणि त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली त्याच वर्षाच्या १४ डिसेंबरला जिल्हा संघाची नोंदणी झाली.

उत्पादनांच्या तक्त्यावर लोणी, चीज, आइस्क्रीम यांची चित्रे चिकटविली होती. परंतु त्यांच्यामागील कारण एकच होते. हिवाळ्यात म्हशी उन्हाळ्याच्या मानाने कितीतरी अधिक दूध देतात आणि मुंबई ते सारे घेऊ शकत नव्हती. उरलेल्या दुधाचे लोणी होई, पण मलई काढलेल्या दुधाची भुकटी करावी तर म्हशीच्या दुधाची भुकटी होणे शक्य नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत. संघाचे व्यवस्थापक व्हर्गीस कुरियन यांचे सहकारी हरिचंद दलाया यांनी ते करून दाखविले, आणि १९५५ मध्ये भुकटीच्या कारखान्याचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले.

तिसऱ्या तक्त्यापाशी वर्गातील एका मुलाने विचारले, "मग मालक कोण? कुरियन?" मुलीने उत्तरादाखल आईची दुधाची पावती पुढे केली: चार लिटर म्हशीचे दूध, फॅट साडेसहा. लिटरमागे सुमारे १.०३ किलो वजन धरले, तर त्यात २६८ ग्रॅम स्निग्धांश येतो. आणि किलो फॅटचा दर ८०० रुपये समजला, तर त्या दुधाचे सुमारे २१४ रुपये होतात. त्यात कोणी एक लिटर पाणी ओतले, तर दूध पाच लिटर भरेल, परंतु फॅट साडेपाचच्याही खाली उतरेल आणि एकंदर स्निग्धांश २६८ ग्रॅमच राहील. पाण्याने काही लाभ होत नाही, उलट फॅट एकाएकी उतरलेली पाहून गावच्या दूध मंडळीचा चिटणीस संशय घेतो, हे या पद्धतीचे मर्म मला फार आवडले. तेलासारखी परकी चरबी मात्र या हिशेबास चकवू शकते, आणि त्यासाठी निराळ्या परीक्षा ठेवाव्या लागतात.

पावती ज्या गावच्या दूध मंडळीची आहे ती मंडळी सभासदांच्या मालकीची, जिल्हा संघ या मंडळ्यांच्या मालकीचा, आणि १९७३ मध्ये स्थापन झालेला विक्री महासंघ अशा जिल्हा संघांच्या मालकीचा. 'अमूल' ही या सर्वांच्या मालावरील मुद्रा आहे. वर्षअखेर मंडळीत जे शिल्लक उरते त्यातून सभासदांस भावफेर, म्हणजे आपल्याकडील 'फरक', वाटला जातो, आणि तो घातलेल्या दुधाच्या प्रमाणात असतो. दसपट दूध घालणाऱ्यास भावफेर दसपट मिळतो, मत मात्र एकच.

येथवर तक्ता निर्दोष होता, अडचण उभी राहिली ती शिक्षिकेने विचारलेल्या साध्या प्रश्नाने: "सभासदत्व कोणाच्या नावे आहे?" मुलगी म्हणाली, "बापूजींच्या." पहाटे धार काढणारी, वैरण घालणारी आणि मंडळीपुढे रांगेत उभी राहणारी स्त्री, आणि सभासद-वहीत नाव तिच्या पतीचे, ही स्थिती पुष्कळ गावांत आढळते. दूध घालूनही जिला मत नाही ती मालक ठरत नाही, हे उघड आहे. पण ज्याला मत आहे त्याची सत्ता तरी किती दूर पोहोचते? तो मंडळीची समिती निवडतो, मंडळ्यांचे प्रतिनिधी संघाचे संचालक निवडतात, आणि संघांचे अध्यक्ष महासंघात बसतात. मूळ मताचा आवाज अशा प्रत्येक पायरीगणिक क्षीण होतो, आणि मधल्या पायऱ्यांवर राजकीय पक्षांची नजर असते, कारण संघाचा अध्यक्ष हजारो घरांच्या रोजच्या पैशाशी जोडलेला असतो.

तरीही पोल्सनच्या मक्त्याच्या काळी गवळ्यास जे मिळत नव्हते ते, म्हणजे आपल्याच दुधाच्या हिशेबावर प्रश्न विचारण्याचा अधिकार, या रचनेने कागदावर तरी दिला आहे. तो व्यवहारात उतरण्यासाठी वार्षिक सभेस जाऊन ताळेबंद मागणारा सभासद हवा, आणि दूध घालणारीचे नाव सभासद-वहीत हवे. शिक्षिकेने मुलीस तिसरा तक्ता पुन्हा काढण्यास सांगितले, तो याच दुसऱ्या अटीसाठी. आणि माझ्या मते त्या अटीवाचून मालकीचे कोणतेही चित्र अपुरेच राहील.